अर्धा नंबर मोठा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत असताना मला दोन मिनिटं सलग बोलू दिलं नव्हतं. आज वीस मिनिटं दिली आहेत, तेव्हा सगळी वसुली करून घेणार आहे. विषयही मीच निवडलाय, आणि तो ऐकून पहिल्या रांगेतले सर हसले, हे मी पाहिलं. विषय आहे बुटाचा नंबर.

आपल्या ग्रुपवर गेले दोन महिने काय चाललंय हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या जानेवारीत आपल्यातले सहा जण मुंबई मॅरेथॉनला उतरणार आहेत. त्यातले दोघं पूर्ण बेचाळीस किलोमीटर. आणि एकाच्या डोक्यात त्याच्याही पुढचं, पंधरा ऑगस्टला शिवाजी पार्कला बारा तासांची धाव असते, तिचं खूळ शिरलंय. त्या सगळ्यांचा मला एकच प्रश्न असतो, "बूट कोणता घेऊ?" कंपनीचं नाव हवं असतं. मी दर वेळी विचारते, "नंबर कोणता घेणार?" तर उत्तर येतं, "माझा सातच आहे गं, कॉलेजपासून." म्हणून ठरवलं, हे एकदा सगळ्यांसमोर नीट सांगून टाकावं. कारण कॉलेजपासूनच्या नंबराने माझा काय घात केला, ते मला चांगलं आठवतंय.

आधी जरा शाळेतली आठवण. पीटीच्या तासाचे पांढरे कॅनव्हासचे बूट. माझे वडील ते घ्यायला मला शहापूरच्या बाजारात घेऊन जायचे आणि दुकानदाराला सांगायचे, "एक नंबर मोठा द्या, दोन वर्षं पुरले पाहिजेत." पहिल्या वर्षी पुढे कापूस कोंबायचा, दुसऱ्या वर्षी तो काढायचा. तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच केलंय. मला त्या बुटांची इतकी लाज वाटायची, की स्वतःच्या पगारातून पहिले धावायचे बूट घेतले तेव्हा मी ठरवून पायाला चिकटून बसणारे घेतले. सकाळी अकरा वाजता, थंडगार मॉलमध्ये, पातळ मोजा घालून. पाच नंबर. दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, बरोबर बसतोय?" मी म्हटलं, "अगदी हातमोज्यासारखा."

ते बूट घालून मी दोन वर्षं दहा किलोमीटर, एकवीस किलोमीटर धावले. काही तक्रार नाही. म्हणून २०१७च्या जानेवारीत पहिल्या पूर्ण मॅरेथॉनला तोच नंबर, नवा जोड.

पंचवीस किलोमीटरपर्यंत मी मजेत होते. मग उजव्या पायाचा वरचा भाग, जिथे नाडी बांधतो तिथे, ठणकायला लागला. तीस किलोमीटरच्या आसपास अंगठ्याशेजारचं बोट प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकावर आपटायला लागलं. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, साधारण पस्तिसाव्या किलोमीटरला येतो. चढताना बोटांना आराम होता, पण उतार लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी फुटपाथवर बसले आणि बूट काढला. केवढं सुख वाटलं म्हणून सांगू! पाच मिनिटांनी पुन्हा घालायला गेले, तर पाय आत जाईना. नाडी पूर्ण सोडली तरी जाईना. शेवटचे काही किलोमीटर मी उजव्या पायात नुसता मोजा घालून चालत आले.

वडील आसनगावहून पहिल्या लोकलने आले होते. आझाद मैदानाजवळ माझी वाट बघत उभे, हातात माझ्या चपला. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, एका हातातल्या बुटाकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "अगं, मोठा घ्यायचा असतो." त्यांच्या डोक्यात दोन वर्षं पुरवायचा हिशेब असेल की काय, मला माहीत नाही. पण माणूस बरोबर बोलला होता. दोन नखं काळी पडून गळाली. पुढच्या धावेची फी भरलेली होती, ती बुडाली. मी अभियंता आहे, त्यामुळे रडून झाल्यावर कारण शोधायला बसले.

तर पाय सुजतात का?

आपल्या तालुक्याला पाण्याचं गणित वेगळं शिकवायला नको. भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. पाणी खाली जायला काही लागत नाही, वर चढवायला पंप लागतो. शरीरात तसंच आहे. हृदय रक्त पायाकडे ढकलतं. परत वर आणायला पोटऱ्यांचे स्नायू पंपाचं काम करतात. चालताना, धावताना ते आवळतात, सुटतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून ते खाली परत येत नाही.

पण चार-पाच तास धावलं की तीन गोष्टी एकत्र होतात. एक, अंग तापतं. ते थंड करायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि पायात रक्त जास्त उतरतं. दोन, बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी आजूबाजूच्या मांसात झिरपतं. ते नेहमीच झिरपतं, पण आता जास्त झिरपतं आणि तितक्या वेगाने परत उचललं जात नाही. तीन, इतके तास ताण पडला की शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवायला लागतं, लघवी कमी होते. मी फुटपाथवर बसले तेव्हा यात चौथी भर मीच घातली. पाय खाली सोडून स्वस्थ बसले, म्हणजे पंप बंद केला. बूट काढल्यावर बाहेरून असलेला दाबही गेला. मग पाय परत आत कसा जाणार?

यात पायाच्या कमानीचाही वाटा असतो. ताजा पाय जमिनीवर ठेवला की कमान थोडी दबते आणि परत उसळते. हजारो पावलांनंतर स्नायू थकतात, कमान जास्त दबते आणि पाय किंचित लांब, किंचित रुंद होतो. म्हणजे सूज आणि पसरणं अशी दोन वेगळी कारणं आहेत. दोन्हींना वेळ लागतो, म्हणूनच दहा किलोमीटरला मला काही कळलं नव्हतं.

इथे कुणीतरी मला लताबाई करे यांचं नाव सांगणार. बारामतीला नऊवारी नेसून, अनवाणी धावून त्यांनी शर्यत जिंकली, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ती शर्यत तीनेक किलोमीटरची होती. तेवढ्यात पाय सुजायला वेळच मिळत नाही. आपण बोलतोय ते चार तासांच्या पुढच्या पायाबद्दल.

पाय खरोखर किती वाढतो, हे मला स्वतः मोजायचं होतं. मुरबाडला माझी मावशी राहते. शिवणकाम करते. एका डिसेंबरात मी शहापूरहून पहाटे साडेपाचला निघाले. किन्हवली, तिथून सरळगाव, तिथून मुरबाड. मध्ये दोनदा चहा, एकदा एका आजींनी बोलावून दिलेली भाकरी. सहा तासांनी मावशीच्या दारात पोहोचले. निघायच्या आधी घरी पाय मोजून ठेवला होता. मावशीला म्हटलं, "बूट काढते आहे, लगेच टेप आण." ती म्हणाली, "पाणी तरी पी, ब्लाउज शिवायचाय का पायाला?" पण टेप आणली. प्रत्येक माप तीनदा घेतलं, कारण टेप एकदा सैल, एकदा घट्ट धरली तरी दोन मिलिमीटरचा फरक पडतो.

उजव्या पायाची लांबी सकाळी चोवीस सेंटिमीटर होती, ती चोवीस पूर्णांक दोन झाली. फक्त दोन मिलिमीटर. चवड्याचा घेर, म्हणजे बोटांच्या मुळाशी टेप गुंडाळून, बावीस पूर्णांक आठ होता, तो तेवीस पूर्णांक तीन झाला. पाच मिलिमीटर. आणि नाडी बांधतो त्या उंचवट्याचा घेर सात मिलिमीटरने वाढला.

हे आकडे माझ्या एका पायाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. काहींचा पाय याहून जास्त सुजतो, काहींचा जवळजवळ नाही. पण त्यातली गोष्ट लक्षात घ्या. पाय लांबीला कमी आणि घेराला जास्त वाढला. मग आपण अर्धा नंबर मोठा घेतो तेव्हा आपल्याला नेमकं काय मिळतं?

आपल्याकडे बुटाचे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीचं मूळ माप आहे बार्लीचा दाणा, म्हणजे आपला जव. तीन दाणे टोकाला टोक लावून ठेवले की एक इंच. एका नंबराचा फरक म्हणजे एक दाणा, इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे अर्धा नंबर हा अर्धा दाणा. सव्वाचार मिलिमीटर लांबी. घेर त्याच्याबरोबर वाढतो, पण अर्ध्या नंबराला तो साधारण तीन मिलिमीटरच वाढतो.

आता माझा हिशेब करा. पाच नंबरच्या बुटातला इनसोल बाहेर काढून मी त्यावर उभी राहिले, तेव्हा सगळ्यात लांब बोटापुढे आठ मिलिमीटर जागा होती. त्यातली दोन मिलिमीटर पाय वाढल्यावर गेली. उतारावर पाय पुढे सरकतो, त्यात उरलेली गेली. म्हणून नखं आपटली. साडेपाच नंबरात तीच जागा बारा मिलिमीटर होते. पाय वाढून, सरकूनही पुढे काही उरतं. म्हणजे लांबीचा प्रश्न अर्ध्या नंबरात सुटला. घेराचा मात्र नाही सुटला. मला हवे होते पाच ते सात मिलिमीटर, मिळाले तीन. बाकीचं कुठून आणायचं?

नाडीतून. मी आता दोन गोष्टी करते. पुढच्या, बोटांजवळच्या भोकांतली नाडी निघतानाच सैल ठेवते. आणि दर दीड-दोन तासांनी, पाणी प्यायला थांबले की, उभ्यानेच वाकून मधली नाडी एक बोट सैल करते. ठणका लागायची वाट बघत नाही, कारण ठणका लागला म्हणजे नाडीखालचे स्नायुबंध आधीच चिडलेले असतात आणि मग ते दोन-तीन आठवडे घेतात. बूट मात्र काढत नाही. माझा फुटपाथचा धडा लक्षात आहे.

ज्यांचा पंजा मुळातच रुंद आहे, त्यांना एवढ्याने भागत नाही. शेतात अनवाणी वाढलेले आपण, आपल्यातल्या बऱ्याच जणांचे पंजे रुंद आहेत. अशांनी अर्ध्यावर अर्धा नंबर चढवत जाऊ नये. रुंद मापाचा बूट मागावा. काही कंपन्या त्याच नंबरात रुंद साचा काढतात. नंबर वाढवून रुंदी मिळवायची म्हणजे एक मिलिमीटर घेरासाठी दीड मिलिमीटर लांबी विकत घेणं. ती फाजील लांबी मग तुम्हालाच छळते.

कशी छळते, ते सांगते. मला एकदा साडेपाच मिळाला नाही. तालुक्याच्या दुकानांत अर्धे नंबर बहुतेक नसतातच. म्हणून सहा घेतला. टाच प्रत्येक पावलाला वर-खाली घासू लागली, मागे रुपयाएवढा फोड आला. आणि गंमत म्हणजे नख पुन्हा काळं पडलं. बूट मोठा असूनही! कारण माळशेजच्या उतारावर पाय आतल्या आत इतका घसरत होता, की वेग घेऊन टोकावर आदळत होता. नख काळं पडलं की लोक अजून मोठा बूट घेतात. आधी बघायला हवं की बूट लहान आहे, की पाय आत मोकाट सुटलाय.

ते ओळखायची खूण सोपी आहे. लांब धावून आल्यावर पाय बघा, पाय सगळं सांगतो. फक्त सगळ्यात लांब बोटाचं नख दुखतंय आणि टाच शाबूत आहे, तर लांबी कमी पडली. करंगळीच्या बाहेर किंवा अंगठ्याच्या मुळाशी फोड आहे, तर रुंदी कमी पडली. वर नाडीचे वळ उठलेत, तर नाडी घट्ट होती. टाचेला फोड आणि नखही काळं, तर बूट मोठा आहे किंवा टाच धरलेली नाही.

टाच धरून ठेवायला बुटाला वर, घोट्याजवळ एक जादा भोक असतं. बहुतेक जण ते रिकामं सोडतात. दोन्ही बाजूंना त्या भोकात नाडी बाहेरून आत घालून छोटा फास ठेवायचा, आणि समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओढून मग गाठ मारायची. टाच जागेवर बसते आणि पुढचा पंजा मोकळा राहतो. अर्धा नंबर मोठा बूट घेतला तर हे भोक वापरायलाच हवं, नाहीतर मिळवलेली जागा घसरण्यात जाते. आणि ज्यांना अर्धा नंबर मिळतच नाही, पूर्णच घ्यावा लागतो, त्यांनी आत एक पातळ जादा इनसोल घालून निघावं आणि पाय भरल्यावर, अर्ध्या वाटेत, तो काढून टाकावा. आईवडिलांचा कापूस तो हाच, फक्त दोन वर्षांऐवजी दोन-तीन तासांनी काढायचा!

आता दुकानात कसं जायचं, ते. सकाळी जाऊ नका. संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा भरलेला असतो. जमलं तर त्या दिवशी लांब धाव झाल्यावरच जा. धावायचेच मोजे घालून जा. दोन्ही पाय मोजा, कारण ते सहसा सारखे नसतात. माझा डावा उजव्याहून तीन मिलिमीटर लहान आहे. बूट मोठ्या पायाला घ्यायचा. उभं राहून मोजायचं, बसून नाही. नंबर कुणी सांगितला तरी विश्वास ठेवू नका, कारण एका कंपनीचा पाच दुसरीचा साडेपाच असतो. जिभेच्या आतल्या लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतात, ते वाचा, आणि इनसोल काढून त्यावर उभं राहून बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते बघा. मग दुकानाच्या पायऱ्या असतील तर दहा वेळा उतरा. बोट टोकाला लागता कामा नये. आणि तो बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. त्याच बुटाने निदान एक चार तासांची धाव झालेली असू द्या.

रोजच्या पाच-दहा किलोमीटरच्या धावेला यातलं काही लागत नाही. तिथे तुमचा नेहमीचा नंबर घ्या.

आता जरा गंभीर बोलते. हा भाग बुटाचा नाही, पण बुटामुळेच मला कळला.

पाय सुजतात म्हणून बूट मोठा घ्या, हे ऐकून कुणी असं समजू नये की कितीही सूज आली तरी चालेल. स्वित्झर्लंडमध्ये बील नावाचं गाव आहे, तिथे शंभर किलोमीटरची शर्यत होते. तिथल्या धावपटूंचे पाय संशोधकांनी मोजले, तेव्हा ज्यांनी जास्त द्रव पोटात घातलं त्यांचे पाय जास्त सुजल्याचं दिसलं. आपल्याला शिकवलेलं असतं, पाणी पी, पाणी पी. पण तहानेपेक्षा फार जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. बॉस्टन मॅरेथॉनच्या २००२ सालच्या ४८८ धावपटूंची रक्ततपासणी झाली होती, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी सापडलं. आणि त्यात ते जास्त होते ज्यांचं वजन धावताना उलट वाढलं होतं. धावून वजन वाढणं म्हणजे पाणी बाहेर गेलं त्याहून जास्त आत गेलं.

म्हणून मी अंगठी काढून ठेवत नाही, मुद्दाम घालते. ती थोडी घट्ट झाली तर ठीक. पण अंगठी फिरेनाशी झाली, आणि सोबत डोकं दुखतंय, मळमळतंय, काय बोलतोय ते सुधरत नाही, तर नाडी सैल करून पुढे जायचं नाही. थांबायचं आणि वैद्यकीय मदत घ्यायची, आणि वरून आणखी पाणी प्यायचं नाही. दुसरं, सूज दोन्ही पायांना सारखी येते. एकाच पायाला आली, पोटरी दुखते, गरम लागते, दुसऱ्या दिवशीही उतरत नाही, तर तो बुटाचा विषय नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आणि तिसरं आपल्यातल्या एकासाठी. नाव घेत नाही, तो बसलाय इथेच, आणि त्याने मला बोलायची परवानगी दिली आहे. आपल्या महामार्गावरून दरवर्षी मुंबईहून शिर्डीला पायी पालख्या जातात. लहानपणी आपण शहापूर नाक्यावर त्यांना पाणी द्यायला जायचो. कित्येकांनी बुटाची पुढची बाजू ब्लेडने कापलेली असायची, आपण हसायचो. आता कळतं, पाय भरल्यावर त्यांनी शोधलेला तो उपाय होता. आपला हा मित्र दोन वर्षांपूर्वी असाच पायी गेला. जुनेच बूट घालून. त्याला बारा वर्षांचा मधुमेह आहे. कसाऱ्याच्या पुढे त्याच्या करंगळीला फोड आला, फुटला, आणि त्याला कळलंच नाही. दुखलंच नाही, कारण पायाची संवेदना कमी झालेली होती. रात्री मुक्कामाला सोबतच्या माणसाने मोज्यावर रक्त पाहिलं. पुढचे पाच आठवडे दवाखाना, आणि करंगळी थोडक्यात वाचली.

मी आतापर्यंत सांगितलं ते सगळं एका गोष्टीवर उभं आहे, पाय सांगतो आणि आपण ऐकतो. ज्याचा पाय सांगायचाच बंद झालाय, त्याला "अर्धा नंबर मोठा घे" एवढं सांगणं म्हणजे त्याला फसवणं आहे. घट्ट बूटही त्याला कळणार नाही आणि सैल बुटात घासलेलंही कळणार नाही. त्याने आधी डॉक्टरकडून पायाची संवेदना तपासून घ्यायची. ते हो म्हणाले तरच निघायचं. आणि दर तासाला, दुखो न दुखो, बूट-मोजा काढून डोळ्यांनी पाय बघायचा. पाय परत आत जायला त्रास झाला तरी चालेल, त्याच्यासाठी हिशेब उलटा आहे. आपल्या वयाच्या वर्गात असे एकटा तोच असेल असं मला वाटत नाही. ज्यांनी अजून साखर तपासलेली नाही, त्यांनी मॅरेथॉनची फी भरायच्या आधी ती तपासा.

त्याची तपासणी झाली आहे. डॉक्टरांनी बेचाळीसला नाही म्हटलंय, दहाला हो म्हटलंय. तो दहा चालणार आहे आणि मी माझी धाव सोडून त्याच्यासोबत चालणार आहे, कारण दर तासाला मोजा काढायला कुणीतरी दमदाटी करणारं हवं. शाळेत तो माझ्या गणिताच्या वहीतून उतरवायचा. त्याची परतफेड मी वसूल करणार आहे.

वडील आता नाहीत. त्या मॅरेथॉननंतर दीड वर्षाने गेले. त्यांनी हातात धरलेल्या त्या चपला मी अजून ठेवल्या आहेत. पुढच्या वेळी मी साडेपाच नंबर घालून, दोन्ही पायांत बूट घालून आले, तेव्हा ते मैदानाबाहेर उभे होते. वाकून त्यांनी माझ्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, लहानपणी दुकानात दाबायचे तसं. आणि म्हणाले, "आता बरोबर."

आज घरी गेल्यावर, संध्याकाळी, एका कागदावर उभं राहा आणि दोन्ही पाय आखून घ्या. पेन सरळ धरा. आकडे ग्रुपवर टाका. गणिताचे सर इथे आहेत, वजाबाकी चुकली तर ते बघतील.